इंग्रजीचं पारायण

मला वाचता येत नाही हे मला कळलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, आणि तोपर्यंत आमच्या गल्लीत माझ्याइतकं इंग्रजी वाचणारं पोरगं नाही अशी सगळ्यांची खात्री होती. सगळ्यात जास्त खात्री माझी होती.

हे हिंगोलीतलं, निजामाच्या राज्यातलं. माझे वडील कापसाच्या जीनमध्ये काट्यावर होते. गाठी मोजायच्या, माल चढवून घ्यायचा. त्यांना आम्ही बापू म्हणत असू. घराणं शेतकऱ्याचं, शेत पुसेगावला, तिथं चुलते बघायचे. बापूंना मोडी थोडी यायची, आकडे पक्के यायचे. मायला काहीच येत नव्हतं. पण जीनमध्ये गाठींवर छापे इंग्रजीत, स्टेशनावर हुकूम इंग्रजीत, मोठा साहेब आला की बोलणं इंग्रजीत, हे बापू रोज बघत होते. आपल्या पोरानं काट्यावर उभं राहू नये, खुर्चीत बसावं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. त्यासाठी गावातली मोठी शाळा हवी. तिथं घ्यायच्या आधी हेडमास्तर स्वतः इंग्रजी वाचून घ्यायचे, आणि न येणाऱ्याला सरळ परत पाठवायचे. बापूंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "घेतलं तर शीक. न्हाई घेतलं तर उन्हाळ्यात पुसेगावची गाडी. काकाला ढोरामागं मानूस पायजेच." मला ढोरांची भीती नव्हती. पण काकाची होती.

लहान शाळेत सगळं उर्दूत चालायचं. अलिफ, बे आधी, मग इंग्रजीचं पुस्तक. इंग्रजीचे मास्तर एक ओळ म्हणायचे, आम्ही सगळी पोरं मागून ओरडायचो. पुस्तक समोर उघडं असायचं, पण त्याच्याकडे कोण बघतंय! मास्तर मागच्या भिंतीकडे बघत म्हणायचे आणि आम्ही मास्तरांकडे बघत म्हणायचो. पाटीवर इंग्रजीची अक्षरं काढून घ्यायचे तीही एकाखाली एक, चित्रं काढावीत तशी. ती सव्वीस चित्रं मला यायची. ती एकमेकांशेजारी ठेवली की त्यांतून काही निघतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

पुस्तक घरी आलं त्या दिवशी मायनं लुगड्याचा एक लाल तुकडा काढला आणि त्यात ते बांधलं. बापूंनी पोथी ठेवून वाचायचा लाकडी घोडा झाडूनपुसून खाली ठेवला. आमच्याकडे श्रावणात पोथी लागायची. वाचणारा एक, अर्थ सांगणारा एक, बाकी ऐकणारे. वाचन म्हणजे काय, हे बापूंना त्या पोथीवरून माहीत होतं. हातपाय धुवायचे, मांडी घालायची, पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची आणि मधे अडखळायचं नाही. अडखळला की पारायण मोडलं, पुन्हा पहिल्यापासून. इंग्रजीलाही त्यांनी तोच कायदा लावला.

रोज दिवेलागणीला माझं वाचन असायचं. माय चुलीपुढून ऐकायची, बापू भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकायचे. ओळीवर बोट ठेवायचं, हाही पोथीचाच नियम. मी बोट ठेवायचो आणि म्हणायचो, "द रेड हेन रॅन टु द गेट." कोंबडीचं चित्र होतं, म्हणून ते कोंबडीचं पान. बैलाचं चित्र आलं की बैलाच्या ओळी. मास्तरांच्या तोंडून जिथपर्यंत ऐकलं होतं तिथपर्यंत मी सुसाट जायचो. त्यापुढचं पान आलं की माझी गाडी अडायची. एखादं ओळखीचं अक्षर दिसायचं, त्याला काय म्हणतात ते आठवायचो, शेजारचं बघायचो, ओठ हलवायचो. तेवढ्यात भिंतीकडून आवाज यायचा, "अडखळलास. चल, पयल्यापासून." मी पुन्हा कोंबडीकडे. महिनोन्‌महिने मी त्या कोंबडीला फाटकाकडे पळवत होतो.

शेजारच्या बायका ऐकायला यायच्या. एक म्हातारी तर मी संपवलं की हात जोडायची. मायची छाती अशी फुगायची की भाकरी करपायची.

संक्रांतीला जीनचे मुनीमजी तिळगूळ घ्यायला आमच्याकडे आले. वऱ्हाडातले होते, अकोल्याकडे इंग्रजीच्या चार यत्ता शिकलेले. बापूंनी त्यांना पाटावर बसवलं आणि तिळगूळ हातावर पडायच्या आधी माझं लाल गाठोडं सोडलं. "ऐका जरा आमच्या पोराचं," म्हणाले. मी म्हटलं. नेहमीपेक्षा जास्त जोरात म्हटलं. मुनीमजी आधी मान हलवत होते. मग त्यांची मान थांबली. ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, बोटाकडे बघत होते.

"थांब बाबू," ते म्हणाले. "बोट कुठून चालवून राहिला तू?"

मी म्हणालो, "इथून." आणि ओळीच्या उजव्या टोकाला बोट ठेवलं. उर्दू तशीच वाचतात ना! शाळेत सगळं पुस्तकच उजवीकडून. बोट ठेवायचं तर उजवीकडूनच ठेवायचं, हे मला विचार करण्यासारखं वाटलंच नव्हतं. घरात तर इकडून काय नि तिकडून काय, कोणाला कळणार?

मुनीमजींनी ओळीच्या अगदी शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. "हे काय लिवलं?"

"द."

पहिल्यावर ठेवलं. "आन हे?"

"गेट," मी ठणकावून सांगितलं.

मुनीमजींनी तळहातानं कोंबडीचं चित्र झाकलं, भराभर पानं उलटली, एका पानावर चित्र झाकूनच पुस्तक माझ्यापुढे धरलं. "वाच."

मला काही येईना. चित्र नाही तर मी कुठं आहे हेच कळेना. मी त्यांच्या हाताखालून चित्र दिसतंय का ते बघायला लागलो. कोपऱ्यातून शेपटी दिसली. मी ओरडलो, "बैल!" आणि बैलाच्या ओळी म्हणायला सुरुवात केली. मुनीमजींनी हात काढला. कुत्रा होता.

आधी मला वाटलं मुनीमजी खोटं बोलतायत. त्यांना इंग्रजी येतच नसणार. मी त्यांना तसं म्हणालोसुद्धा. कोणी मला ओरडलं नाही, आणि त्यानं मी जास्त घाबरलो. बापू भिंतीला टेकले होते ते तसेच. डोळे उघडे, पण बघत कुठंच नव्हते. माय चुलीपुढून उठून आली आणि मुनीमजींना म्हणाली, "मंग आमी रोज ऐकत काय व्हतो?"

मुनीमजी म्हणाले, "याला पाठ आहे, वहिनी. वाचता येत न्हाई. तोंड एकीकडे चाललं, डोळे दुसरीकडे."

बापूंनी पुस्तक उचललं, लाल कापडात बांधलं, गाठ मारली आणि फळीवर ठेवलं. पुसेगावला निरोप धाडायचं त्या क्षणी त्यांच्या मनात पक्कं झालं, हे मला दिसत होतं. मी रडायलाही विसरलो. ज्या गोष्टीचं मला एवढं कौतुक मिळत होतं ती गोष्ट मला येतच नव्हती! आज इतक्या वर्षांनीही एखादा माणूस फार सफाईनं बोलायला लागला की मला त्याचं बोट कुठं आहे ते बघावंसं वाटतं.

मुनीमजी जाताना मायला दारात थोडंफार सांगून गेले. बोट डावीकडून चालवा. चित्र झाका. एका शब्दाला एकदाच तोंड उघडू द्या. रोज थोडंच, पण रोज. आणि वाचलं त्याचा मतलब त्याच्या तोंडून आपल्या बोलीत काढून घ्या. माय म्हणाली, "आमाला येत न्हाई, आमी कसं वळखावं बराबर हाय का न्हाई?" मुनीमजी म्हणाले, "जे अडलं ते बाजारच्या दिवशी जीनमध्ये मला विचारा." त्यांना जीनमध्ये कामं होती, त्यांच्याकडून याहून जास्त मागणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बापूंनी पुस्तक काढलं नाही. मायनं काढलं. लाल कापड तिनं माझ्या डोळ्यांदेखत मडकं धरायला घेतलं, म्हणजे मला समजलं की देवघरातला माझा मान गेला. तिनं पुढ्यात मूठभर तुरीचे दाणे ओतले. तिला अक्षर येत नव्हतं, पण शब्दाशब्दांच्या मधली मोकळी जागा तिला दिसत होती. तिनं त्या कोंबडीच्या ओळीत प्रत्येक शब्दाखाली एक दाणा ठेवला. "आता म्हन. एक म्हनलास की एक उचल. तोंड आन दाना बराबर संपाय पायजे."

मी माझ्या सवयीनं सुसाट निघालो. ओळ संपली आणि दाणे उरले. पुन्हा म्हटली. आता दाणे आधी संपले, "गेट" तोंडातच राहिलं. पहिल्या दिवशी ते जुळलंच नाही. वाचन म्हणजे थांबत थांबत, एकेक शब्द उचलत पुढे जायचं असतं, हे माझ्या जिभेला मान्यच होईना.

पुढे ते जुळायला लागलं तेव्हा मायनं दुसरीच आफत काढली. ती नुसती आकारांकडे बघायची. एके दिवशी म्हणाली, "हे आन खालच्या वळीतलं हे, दोनी एकच दिसतेत. मंग तोंडातून बी एकच निघाय पायजे." निघालं होतं वेगळं. मी पकडला गेलो. खालच्या ओळीत मी चित्र बघून ठोकून दिलं होतं. दुसऱ्यांदा मात्र तिनं मला पहिल्या "द"वर पकडलं. "हे तर येगळं दिसतंय. तू दोन्हीला एकच म्हनून राहिला." मी जीव तोडून सांगितलं की दोन्ही "द"च आहेत. तिनं ऐकलं नाही. बाजारच्या दिवशी आम्ही दोघं जीनच्या फाटकावर गेलो. मुनीमजी हसले, म्हणाले, "पोरगं बराबर हाय, वहिनी. वाक्याच्या सुरुवातीला अक्षर मोठं काढतात." माय जराही ओशाळली नाही. उलट रस्त्याभर माझ्या पाठीवर हात ठेवून चालली, कारण पहिल्यांदाच मी बरोबर असल्याचा पुरावा तिला मिळाला होता.

तिचा सगळ्यात कडक नियम वेगळाच होता. "येत न्हाई तर न्हाई येत म्हन. ठोकून दिऊ नगंस." मला हे म्हणायला फार जड जायचं. गल्लीत एवढं नाव कमावलेला मी, "न्हाई येत" कसं म्हणणार? पण म्हटलं की ती रागवायची नाही. त्या शब्दाशी कोळशाची रेघ ओढायची, मला पुढचं वाचायला लावायची आणि मग विचारायची, "मागचं पुढचं समजलं ना? मंग मधी काय असंल?" पुष्कळदा तो शब्द तसाच सुटायचा. नाही सुटला तर बाजारच्या दिवसापर्यंत रेघ राहायची.

आणि वाचून झालं की मतलब. कोंबडी का पळाली? मला ठाऊकच नव्हतं! एवढी पारायणं केली, पण ती कोंबडी कुत्र्याला भिऊन पळत होती हे मला माघ सरता सरता कळलं. कुत्रा मला पाठ होतं त्याच्या पलीकडच्या पानावर होता, आणि ते पान मी कधी वाचलंच नव्हतं. मायला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हसू आलं नाही. मला स्वतःची चीड आली.

बापू या सगळ्यात नसायचे. मी अडखळलो की ते उठून बाहेर जायचे. "मला ऐकवत न्हाई," म्हणायचे. "वाचनं म्हनतेत का याला? खडे चावल्यावानी करून राहिला." मायनं एकदा त्यांना सुनावलं, "तुमाला ऐकवत न्हाई तर कायतरी आनून तरी द्या वाचायला. एकच पुस्तक किती वाचंल लेकरू?" त्यानंतर ते काहीबाही आणायला लागले. रॉकेलच्या डब्यावरचा कागद, काड्यापेटीचं झाकण, गाठीवरची फाटकी चिठ्ठी. माझ्यापुढे टाकायचे आणि जायचे. स्टेशनावर माल चढवायला मला सोबत नेलं तर पाटीखाली उभं करायचे. पाटीवर हिंगोली तीन लिप्यांत लिहिलेलं. उर्दूवरून उत्तर ठाऊक होतं, मग इंग्रजीतली अक्षरं एकेक करून त्याला जुळवून बघायची. चित्र नाही, मास्तर नाही, आणि तरी त्या अक्षरांतून "हिंगोली"च निघतंय, हे पाहून मला घामच फुटला. म्हणजे हे खरंच बोलतं!

उन्हाळा लागला आणि मोठ्या शाळेतला दिवस आला. बापूंनी आदल्या दिवशीच पुसेगावची गाडी बोलावून ठेवली होती. त्यांना माझी आशा राहिली नव्हती, आणि त्यांचं चुकत होतं असंही मी म्हणणार नाही. जे कानावर पडत होतं ते अडखळणंच होतं.

वर्गात आम्ही पोरं ओळीनं बसलो. बापू खिडकीबाहेर उभे. हेडमास्तर उर्दू बोलणारे, शांत गृहस्थ होते. माझ्या आधीची दोन पोरं आमच्याच शाळेतली. हेडमास्तरांनी समोर धरलेलं पुस्तक आमचं नव्हतंच, दुसरंच कुठलं तरी होतं. तरी त्या दोघांनी छातीठोकपणे आमची कोंबडी म्हटली! एकदाही न थांबता. ते माझ्याहून कितीतरी चांगलं म्हणत होते. मग माझी पाळी आली. "द ओल्ड मॅन सोल्ड फिश" इथपर्यंत मी एकेक पाऊल टाकत गेलो. मग "बाय द", आणि पुढे अडलो. काहीतरी पुटपुटलो, ते चूक वाटलं, परत मागे गेलो. मागे म्हातारा, मासे. मासे कुठं मिळतात? "रिव्हर," मी म्हणालो. पुढच्या ओळीत एक लांबलचक शब्द आला. मी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "ये नहीं आता." वर्गात पोरं फिदीफिदी हसली. खिडकीकडे बघितलं तर बापू तिथं नव्हते.

मी घरी पोचलो तेव्हा अंगणात गाडी जुंपलेली होती आणि माझी वळकटी तिच्यात टाकलेली होती. माय दारात उभी होती. मी धापा टाकत म्हणालो, "मला घेतलं." बापूंना राग आला. "खोटं बोलू नगंस. म्या सोता ऐकलं. दोनदा अडखळलास, एकदा येत न्हाई म्हनलास." मी शपथा घेतल्या. त्यांचा विश्वासच बसेना. शेवटी त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला परत शाळेत नेलं. कशाला? हेडमास्तरांना सांगायला, की याचं नाव चुकून लागलंय!

खरंच त्यांनी तेच सांगितलं. टोपी हातात घेऊन, खाली बघत. "साहेब, माझ्या पोराचं नाव गलतीनं लागलं. त्याला वाचता येत न्हाई. अटकलं ते. उगा तुमाला तकलीफ."

हेडमास्तरांनी चष्मा काढला. ते म्हणाले, "जो बच्चे नहीं अटके, उनकोच मैं वापस भेजा. वो किताब नहीं पढ रहे थे. आपका बच्चा अटका, सोचा, फिर निकला. इसीकोच पढना बोलते."

बापूंनी टोपी डोक्यावर घातली, ती वाकडी बसली, तरी नीट केली नाही. आम्ही बाहेर आलो. शाळेच्या फाटकाजवळ निंबाचं झाड होतं, त्याच्या बुडाशी ते एकाएकी बसले. मला वाटलं ऊन लागलं. मी पाणी आणायला निघालो तर त्यांनी हात धरला.

"तू आधी घरी वाचायचास," ते म्हणाले, "पाठ असलेलं संपलं की थांबायचास. ओठ हालवायचास. तवा काय करत व्हतास?"

"पुढलं अक्षर बघत व्हतो," मी म्हणालो.

"म्हंजी तवा वाचत व्हतास."

"व्हय असंल."

त्यांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसा पाहिला नाही. जीनमध्ये गाठ अंगावर पडलेल्या माणसाचा पाहिला होता, तसा काहीसा होता. "आन तेवढ्यातच," ते म्हणाले, "म्या तुला दर बारी माघारी धाडत व्हतो."

ते खरंच होतं.